लिफ्ट बंद पडल्याच्या अहवालातील विभागांच्या क्रमाबाबत आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय : "अहवाल मिळाला, पण लिफ्ट का अडकली ते दुसऱ्या भागात. पहिल्या भागात नुसते 'हे केले, ते केले'. कारण मागे ढकलून आधी स्वतःची पाठ थोपटून घेतली आहे. आणि गाईड शू बदलायचेच आहेत, तर ते पहिल्याच यादीत का नाहीत? तिसऱ्या भागात कशाला? दोन तारे."

महोदय,

आपण अहवाल शेवटपर्यंत वाचलात आणि नेमक्या क्रमावर बोट ठेवलेत, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. पहिल्या भागात केवळ पूर्ण झालेल्या कृती, दुसऱ्यात कारण आणि तिसऱ्यात अजून व्हायच्या गोष्टी, हा क्रम आम्ही ठरवून ठेवला आहे आणि तो बदलण्याचा आमचा विचार नाही.

रात्री ८:४० वाजता लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आमच्या तंत्रज्ञाने मशीन रूममधील मुख्य स्विच बंद केला, ब्रेक हाताने सोडून लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या पातळीला आणली आणि ९:०५ ला आतील व्यक्ती बाहेर आल्या. त्यानंतर प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद' असे फलक लावले, कंट्रोलरवरील दोषाची नोंद उतरवून घेतली आणि तिसऱ्या मजल्याच्या दाराचे लॉक हात लावण्यापूर्वी आहे त्या स्थितीत छायाचित्रात टिपले. लॉकमधील विद्युत कॉन्टॅक्टचे तोंड काळवंडलेले दिसले, म्हणून रात्रीच तो बदलला. या क्षणापर्यंत लिफ्ट का थांबली हे कोणालाही ठाऊक नव्हते. काळवंडलेला कॉन्टॅक्ट हा एक संशयित होता, इतकेच.

समजा, आम्ही कारण आधी लिहिले असते आणि त्याच्या पोटात कृती घातल्या असत्या, तर रात्रीच्या अहवालात 'कॉन्टॅक्ट खराब झाल्यामुळे लिफ्ट थांबली, म्हणून तो बदलण्यात आला' असे वाक्य सहज उतरले असते. वाचायला ते अगदी सरळ आहे आणि चुकीचे आहे. कारण सकाळी तपासणी गतीने लिफ्ट चालवत असताना तंत्रज्ञाने तिसऱ्या मजल्याचे दार बाहेरून तळाशी हाताने दाबले, तेव्हा नवा कॉन्टॅक्ट असूनही कंट्रोलरवरील दाराचा दिवा लुकलुकला. इतर मजल्यांवर तसेच दाबून पाहिले, तेथे दिवा स्थिर राहिला. म्हणजे दोष कॉन्टॅक्टमध्ये नव्हता. दाराचा पल्ला ज्या खाचेतून सरकतो, त्या खाचेत फिरणारा तळाचा गाईड शू झिजलेला होता आणि पल्ला डुलत होता. लिफ्ट शेजारून जाताना हवेच्या दाबाने पल्ला हले, लॉकचा आकडा नीट बसलेला नसल्याने कॉन्टॅक्ट क्षणभर सुटे आणि सुरक्षा परिपथ तुटल्यामुळे लिफ्ट जेथे असेल तेथे थांबे. (दार सुटल्याचा संकेत मिळताच थांबणे हेच तिचे काम आहे; ती चालत राहिली असती तर मात्र खरी चिंतेची बाब होती.) शू बदलल्यावर पल्ला कितीही दाबला तरी दिवा लुकलुकला नाही आणि ११:३० ला लिफ्ट सुरू केली.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गाईड शू अहवालात दोन ठिकाणी आहे आणि ते मुद्दाम आहे. तिसऱ्या मजल्यावरचा शू बदलून झाला, म्हणून तो पहिल्या भागात वेळेसह आला. उरलेल्या मजल्यांवरचे शू मागवले आहेत, पण अजून बसवलेले नाहीत. त्यामुळे ते तिसऱ्या भागात, जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांच्यासह आहेत. दोन्ही गोष्टी एकाच यादीत 'गाईड शू बदलणे' अशा लिहिल्या असत्या, तर आपल्या व्यवस्थापन समितीतील कोणीही सर्व मजल्यांचे काम झाले असे समजले असते आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नसता. अर्धवट झालेले काम असेच दोन तुकड्यांत मोडावे लागते. 'काम चालू आहे' हा शेरा आम्ही पहिल्या भागात चालू देत नाही, कारण त्यावरून लिफ्ट आज वापरायची की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही.

पहिल्या भागातील एक ओळ बहुधा आपल्याला क्षुल्लक वाटली असेल: 'चाचणीसाठी जोडलेली तार काढली, १०:५०.' सकाळी दोष कोणत्या दारात आहे हे शोधताना दाराचा परिपथ तात्पुरता तारेने जोडावा लागला होता. ती तार राहून गेली तर दार उघडे असतानाही लिफ्ट चालू शकते. दुरुस्तीच्या कामात याहून घातक विसर क्वचितच असेल. म्हणून तात्पुरती केलेली प्रत्येक गोष्ट आणि ती मागे घेतल्याची वेळ हे दोन्ही पहिल्या भागात एकमेकांशेजारी येतात. हीच ओळ कारणमीमांसेच्या परिच्छेदांत शिरली असती, तर ती कोणाच्याही नजरेत भरली नसती.

हा क्रम आम्ही शोधून काढलेला नाही. ISO 9001 या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील कलम १०.२ मध्येही दोष आटोक्यात आणून त्याच्या परिणामांना सामोरे जाणे आधी येते आणि कारण दूर करण्यासाठी कृती लागेल का याचा विचार त्यानंतर येतो. दोन्ही कामे वेगळी आहेत, त्यांचे पुरावेही वेगळे असतात: पहिल्याला वेळ आणि छायाचित्र पुरते, दुसऱ्याला चाचणी लागते. तिसऱ्या भागाला तर आज पुरावाच असू शकत नाही. तेथे फक्त मुदत असते आणि काम साधले की नाही हे कशावरून ओळखायचे, याची कसोटी असते.

या रचनेची एक अडचण मान्य करायला हवी. ज्याला कारणच आधी हवे आहे, त्याला पान उलटावे लागते, आणि कधीकधी कारण कळल्याशिवाय पहिल्या भागातील एखादी कृती विचित्र दिसते. कॉन्टॅक्ट बदलला आणि तरीही लिफ्ट रात्रभर बंद ठेवली, हे त्यापैकीच आहे. तेथे आम्ही 'कारण निश्चित नसल्याने' इतकेच लिहितो आणि थांबतो. तर्क तेथे येऊ देत नाही. उद्या तर्क बदलला तर केवळ दुसरा भाग सुधारावा लागतो आणि पहिल्या भागातील एकही शब्द खोटा ठरत नाही.

तिसऱ्या भागात सध्या दोन बाबी उघड्या आहेत: उरलेल्या मजल्यांचे शू, आणि मासिक तपासणीत प्रत्येक दाराच्या लॉकचा आकडा किती खोल बसतो ते मोजणे. युरोपीय मानक EN 81-20 प्रमाणे हा आकडा किमान ७ मिलिमीटर बसल्याखेरीज लिफ्ट हलता कामा नये; आम्ही तोच निकष धरणार आहोत. शू बसवल्यावर त्या ओळी कापून पहिल्या भागात हलवल्या जाणार नाहीत. त्या तिसऱ्या भागातच राहतील आणि समोर पूर्ण झाल्याची तारीख पडेल. त्यानंतरच्या महिन्यात कंट्रोलरच्या नोंदीत दार सुटल्याचा एकही दोष आढळला नाही, तरच ही बाब बंद केली जाईल, आणि त्या नोंदीची प्रत समितीकडे पोहोचेल.

आपला,
व्यवस्थापकीय भागीदार, लिफ्ट देखभाल सेवा