कांदा निर्यातबंदी: मागणी वक्र सरकतो की पुरवठा वक्र?

प्रतिक्रिया (निपाणी): तुमच्या लेखात निर्यातबंदीसाठी मागणी वक्र डावीकडे सरकवलाय. हे चूक आहे. बंदीमुळे बाहेर जाणारा माल देशातच राहतो, म्हणजे पुरवठा वाढतो. सरकायला हवा तो पुरवठा वक्र, तोही उजवीकडे. शिवाय बंदी सप्टेंबर २०१९ मध्ये आली आणि कांदा डिसेंबरमध्ये शंभरीपार गेला, मग तुमच्या आकृतीप्रमाणे भाव उतरला कुठे? मी पहिल्या वर्षाच्या मुलांची शिकवणी घेते. मुलांनी हेच निबंधात उतरवलं तर मार्क जातील.

उत्तर:

नमस्कार ताई. तुमचा पुरवठा वक्र बरोबर आहे आणि लेखातला मागणी वक्रही बरोबर आहे. चूक राहिली ती अक्षावर. आकृती नेमक्या कुठल्या बाजाराची, हे मी लिहिलं नव्हतं आणि सगळा घोळ तिथूनच होतो.

बेळगावच्या मार्केट यार्डात कांद्याचा सौदा होतो, तेव्हा बोली लावणाऱ्यांत किराणा दुकानांना माल देणारे व्यापारी असतात आणि निर्यातीसाठी खरेदी करणारेही असतात असं धरू. आडव्या अक्षावर ‘यार्डातली एकूण विक्री’ लिहिली, तर निर्यातदार हा एक गिऱ्हाईक ठरतो. बंदी आली की हे गिऱ्हाईक उठून जातं आणि मागणी वक्र डावीकडे येतो. त्याच भावाला शेतकरी जेवढी पोती आणायचा तेवढीच आणतो, म्हणून पुरवठा वक्र जागचा हलत नाही. पण त्याच अक्षावर ‘देशातल्या घरांपर्यंत पोचणारा कांदा’ लिहिलं, तर निर्यातीचा माल पुरवठ्यातून वजा होत असतो. बंदीने ती वजाबाकी थांबते आणि पुरवठा वक्र उजवीकडे जातो. ही तुमची आकृती.

आकडे घालून पाहू. आकडे मानलेले आहेत, प्रमाण कळावं एवढ्यासाठीच. भाव P किलोला रुपयांत, नग Q रोजच्या क्विंटलमध्ये.

```
घरगुती मागणी    Q = 400 - 2P
निर्यात मागणी    Q = 180 - 4P   (P = 45 ला शून्य)
पुरवठा, आधी     Q = 400 + 3P
पुरवठा, पावसानंतर Q = 220 + 3P
```

आधी समतोल भाव २० रुपये येतो. विक्री ४६० क्विंटल, त्यात घरगुती ३६० आणि निर्यातीची १००. पावसाने पीक गेलं की पुरवठा वक्र डावीकडे जातो, भाव ४० होतो आणि विक्री ३४० वर येते. इथे मुलं हमखास दुसरी रेघ ओढतात: ‘भाव वाढला, लोकांनी कमी घेतलं, म्हणून मागणी वक्रही डावीकडे.’ घरगुती खरेदी ३६० वरून ३२० झाली हे खरं, पण ती त्याच रेघेवर वर सरकून झाली. हा मागणीचा संकोच आहे, ऱ्हास नव्हे. भावामुळे झालेल्या बदलासाठी नवी रेघ कधीच येत नाही.

आता बंदी. लेखातल्या आकृतीत निर्यात मागणी गळते, उरते फक्त 400 - 2P, आणि भाव ३६ येतो. तुमच्या आकृतीत बंदीआधीचा देशांतर्गत पुरवठा म्हणजे 220 + 3P मधून 180 - 4P वजा, अर्थात 40 + 7P. घरगुती मागणीशी जुळवला की भाव ४०. बंदीनंतर तो पुन्हा 220 + 3P होतो आणि भाव ३६. दोन्हीकडे उत्तर एकच. फरक नगसंख्येत दिसतो: माझ्या आकृतीत विक्री ३४० वरून ३२८ वर उतरते, तुमच्या आकृतीत ३२० वरून ३२८ वर चढते. परीक्षकाने ‘नगसंख्या वाढली की घटली?’ विचारलं, तर अक्षावर नाव नसलेल्या आकृतीतून उत्तर देताच येत नाही.

खरोखर मार्क जातात ते दोन्ही वक्र एकाच आकृतीत सरकवल्यावर. ४० रुपये भावाला निर्यात २० क्विंटल होती, म्हणून एखादा मुलगा पुरवठा २० ने उजवीकडे नेतो, शिवाय मागणीही डावीकडे आणतो. मग 240 + 3P आणि 400 - 2P जुळवून भाव ३२ येतो. तोच माल दोनदा मोजला गेला आणि उत्तर चार रुपयांनी खाली घसरलं.

डिसेंबरबद्दलचा तुमचा प्रश्न जास्त मोलाचा आहे, कारण निबंध तिथेच फसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या पुराने आपला जिल्हा बुडाला. पाऊस पुढेही लांबला आणि महाराष्ट्र-कर्नाटकातला खरिपाचा कांदा शेतातच सडला. सरकारने १३ सप्टेंबरला निर्यातीचा किमान भाव टनाला ८५० डॉलर ठेवला आणि २९ सप्टेंबरला पूर्ण बंदी घातली. याच सुमारास चाळीतला उन्हाळी कांदा संपत आलेला असतो आणि बाजार खरिपाच्या आवकेवर येतो. तीच आवक बुडाली.

म्हणून आकृतीत तिसरा बदल दाखवायचा: पुरवठा आणखी १५० ने डावीकडे, म्हणजे 70 + 3P. बंदी असताना भाव ६६, विक्री २६८. ३६ वरून ६६ ही उडी बंदीने आणलेली नाही, आवक घटल्याने आली. बंदीचा परिणाम मोजायचा तर कालच्या भावाशी तुलना चालत नाही. त्याच दिवशी बंदी नसती तर काय भाव असता, त्याच्याशी करायची. इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट दिसते. आपल्या आकड्यांत ४५ रुपयांच्या वर निर्यातदार स्वतःहूनच खरेदी थांबवतो. म्हणजे बंदी नसती तरी भाव ६६ च राहिला असता. बंदीने ४० चे ३६ केले, पण ६६ ला ती हातही लावू शकत नाही.

यासाठी एकूण मागणीची रेघ सरळ काढू नका. ४५ रुपये, ३१० क्विंटल या बिंदूपर्यंत ती पसरट येते, त्याच्या वर घरगुती मागणीच्या उभट रेघेला मिळते. बहुतेक वह्यांत हा कोपरा नसतो आणि रेघ तशीच वर नेली की बंदीविना भाव साधारण ५७ येतो. मग ‘बंदीमुळे भाव वाढला’ असा उलटाच निष्कर्ष निघतो, कारण त्या रेघेवर निर्यातदाराची मागणी उणे झालेली असते.

खरं उदाहरण म्हणून मुलांना बाजारभावांच्या Agmarknet या सरकारी संकेतस्थळावरची यार्डाची आवक आणि भाव घ्यायला सांगा. भाव वाढला आणि आवक घटली तर मुख्य सरक पुरवठ्याची, दोन्ही वाढले तर मागणीची. बातमीत कारण काहीही छापलेलं असो, हे दोन रकाने आधी बघावेत. तिथला मोडल भाव, म्हणजे सर्वाधिक व्यवहार ज्या भावाला झाले तो, क्विंटलचा असतो, शंभराने भागल्याशिवाय तो किलोच्या भावाशेजारी ठेवू नये. आणि तो घाऊक भाव आहे. डिसेंबरमधला शंभरीपारचा आकडा किरकोळ दुकानातला. दोन्ही एकाच उभ्या अक्षावर मांडले, तर वाहतूक, हमाली आणि दुकानदाराचा नफासुद्धा पुरवठ्याची सरक म्हणून मोजला जातो.

मूळ लेखातल्या अक्षाला मी आता ‘यार्डातली एकूण विक्री’ हे नाव दिलं आहे. तुमची आकृती तिच्या शेजारी लावतो.