टेंपोवाल्याचा फोन आला की पैसे मुके

आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी. समोर अण्णांची डेअरी. रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढून अण्णा येतात, तोवर मास्तर, पिंट्या आणि मी बसलेलो असतो. गेल्या आठवड्यात अण्णा आले ते थेट माझ्यासमोरच उभे राहिले. माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे फोनचा विषय माझ्याच गळ्यात पडतो.

"मला नवीन फोन सांग. आवाज मोठा पाहिजे. दोन सिम पाहिजेत. पहाटे साडेपाचला काढला की रात्री साडेनऊपर्यंत चालला पाहिजे. अकरा हजारांच्या वर जायचं नाही."

"आधीच्या फोनला काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"पैसे आल्याचा आवाज येत नाही. सकाळी एकाने एकशेऐंशीचं पनीर नेलं. पैसे गेले म्हणून फोन दाखवला आणि गेला. पैसे आलेच नाहीत."

पिंट्या लगेच सुरू झाला. "दोन स्पीकरवाला फोन घ्या अण्णा. एक वर, एक खाली. अख्ख्या चौकाला ऐकू जाईल."

"फोन कशाला?" मास्तर म्हणाले. "तो पेमेंटचा डबा ठेवा की काउंटरवर. त्यात स्वतःचं सिम असतं, फोन बंद असला तरी बोलतो."

मास्तरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. साउंडबॉक्स फोनवर अवलंबून नसतो, हा त्याचा खरा फायदा. पण अण्णांनी तो वापरून परत केलाय. त्यात ज्या कंपनीचं सिम होतं तिची रेंज डेअरीच्या पत्र्याखाली येत नव्हती. डबा दोन-दोन दिवस गप्प राहायचा आणि महिन्याचं भाडं मात्र कापलं जायचं. अण्णा पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं.

मला मात्र पनीरचं प्रकरण नीट ऐकायचं होतं. "अण्णा, तो माणूस आला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? सातची वेळ. रांग लागलेली. टेंपोवाल्याचा फोन आलेला, क्रेट किती उतरवू म्हणून."

"आणि फोन ठेवल्यावर?"

अण्णा थांबले. "फोन ठेवल्यावर धडाधड बोलला की. वीस मिळाले, साठ मिळाले, असे चार. एकापाठोपाठ."

"गिऱ्हाइकं किती होती?"

"पाच."

इथेच मला सापडलं. स्पीकर गेलेला असता, तर ते चारही ऐकू आले नसते. आवाज ठीक होता, निरोपच अडकून पडला होता. कॉल संपला तेव्हा तुंबलेले निरोप एकदम आले, आणि पाच माणसांत चार निरोप, म्हणजे कोणाचे आले नाहीत ते ओळखायला तोवर कोणी समोर उभं नव्हतं. फसवणाऱ्याला तेवढी पाच मिनिटं पुरतात. कालचा स्क्रीनशॉट दाखवला तरी गर्दीत तारीख कोण वाचतं?

"टेंपोवाला कुठल्या नंबरवर फोन करतो?" मी विचारलं.

"ऑर्डरच्या. दुसऱ्या सिमवर."

"आणि नेट?"

"पहिल्या सिमचं. बँकेला दिलेला नंबर आहे तो. त्याच्यावरच पैशाचं ॲप चालतं ना."

अण्णांचा हा समज बहुतेक सगळ्या दुकानदारांचा असतो, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या नेहमीच्या फोनमध्ये दोन सिम असली, तरी दोन्ही एका वेळी फक्त वाट बघत बसलेली असतात. एकावर बोलणं सुरू झालं की दुसरं बाजूला पडतं, आणि त्या दुसऱ्या सिमचं नेट चालू असेल तर तेही थांबतं. अण्णा दुसऱ्या सिमवर टेंपोवाल्याशी बोलत असताना पहिल्या सिमचं नेट बंद असायचं. पैसे खात्यात जमा होत होते, कारण तो व्यवहार गिऱ्हाइकाच्या फोनमधून बँकेत होतो. अण्णांच्या फोनला ते कळवणारा निरोप तेवढा बाहेर ताटकळत राहायचा.

"मग त्याला सेटिंग असतं की," पिंट्या म्हणाला. आणि तो बरोबर होता. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये `Data during calls` किंवा `Auto data switching` अशा नावाचं बटण असतं. ते चालू केलं की कॉल चालू असेपर्यंत फोन नेटसाठी त्याच कॉलवाल्या सिमकडे वळतो. मी अण्णांचा फोन घेऊन बघितलं, तर बटण चालूच होतं.

"मग?" मास्तर पुढे सरकले.

"अण्णा, दुसऱ्या सिमला कुठला रिचार्ज मारता?"

"फक्त बोलायचा. नेट कशाला दोन-दोन ठिकाणी?"

कारण हे होतं. मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने २०२४च्या डिसेंबरमध्ये नियम बदलला आणि २०२५च्या जानेवारीपासून नेट नसलेले, नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक मिळू लागले. अण्णांनी पैसे वाचवायला ऑर्डरच्या सिमला तसला पॅक मारला. कॉल आला की फोन नेट शोधत त्या सिमकडे जायचा, आणि तिथे नेट नाहीच.

"म्हणजे दुसऱ्यालाही नेटचा पॅक मारू?" अण्णांचा चेहरा उतरला.

"नको. अदलाबदल करा. नेटचा पॅक ऑर्डरच्या सिमला मारा आणि बँकेच्या नंबरला नुसता बोलायचा."

यावर मास्तर तावातावाने उठले. "अरे, बँकेचा नंबर आहे तो! नेट काढून घेतलंस तर ॲप चालणार कसं?"

मास्तरांना पटवायला दहा मिनिटं लागली. ॲपला बँकेचं सिम फोनमध्ये चालू स्थितीत हवं असतं, कारण नोंदणी करताना त्या नंबरवरून एसएमएस जातो आणि नंबर खरा की खोटा ते ठरतं. नेट मात्र कुठल्याही सिमचं, अगदी दुकानातल्या वायफायचं असलं तरी त्याला चालतं. आणि अण्णांचे कॉल येतात ऑर्डरच्या सिमवर. ज्या सिमवर कॉल त्याच सिमवर नेट असलं, तर दोन्ही एका वेळी चालतात. अट एकच, त्या सिमचं VoLTE, म्हणजे फोरजीवरूनच बोलायची सोय, चालू पाहिजे. ते बंद असलं की कॉल जुन्या टूजीवर उतरतो आणि नेट पुन्हा थांबतं.

"म्हणजे नवीन फोन नकोच?" पिंट्या हिरमुसला.

नवीन फोन हवाच होता. अण्णांच्या फोनची रॅम दोन जीबी. त्यावर व्हॉट्सॲप उघडलं की पैशाचं ॲप मागच्या मागे बंद पडायचं. शिवाय त्याच्या ट्रेमध्ये दुसऱ्या सिमच्या जागीच मेमरी कार्ड बसतं, आणि फोटो भरले म्हणून अण्णांच्या मुलाने एकदा सिम काढून कार्ड घातलं होतं. दिवसभर ऑर्डरचे फोन लागत नव्हते. नवा फोन घेताना ट्रे बाहेर काढून तीन वेगळे खाचे आहेत का ते डोळ्यांनी बघा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

मग आवाजावरून जुंपली. पिंट्याने खोक्यावर दोनशे टक्के आवाज लिहिलेला त्याचा फोन काढला आणि पायरीवर वाजवून दाखवला. मोठा होता, खरंच मोठा होता. पण मी त्याला डेअरीत नेलं. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू, बाहेर एसटी वळत होती. मास्तरांना काउंटरच्या पलीकडे उभं केलं आणि आकडे वाजवले.

"तीस," मास्तर म्हणाले.

फोन म्हणाला होता वीस.

आवाज ओढून मोठा केला की फाटतो, आणि फाटला की पहिलं अक्षर जातं. वीस-तीस, साठ-आठ, यांत फरक पहिल्या अक्षराचाच आहे. अर्ध्या लिटर दुधाच्या दुकानात हा फरक म्हणजे दिवसाचा हिशेब. माझ्या फोनला एकच स्पीकर आहे, खालच्या कडेला. तो लाकडी गल्ल्यावर उभा टेकवला, स्पीकर गिऱ्हाइकाकडे केला आणि आवाज पाऊण ठेवला. मास्तरांनी पाचपैकी पाच आकडे बरोबर सांगितले. पिंट्याने ब्लूटूथ स्पीकर सुचवला, पण बराच वेळ काही वाजलं नाही की तसले स्पीकर झोपतात आणि जागे होताना पहिला शब्द गिळतात. आम्हाला नेमका तोच शब्द हवा होता.

एक गोष्ट दुकानात मी रोज बघतो. आवाज येत नाही म्हणून फोन दुरुस्तीला येतो आणि रिंगचा आवाज पूर्ण असतो. पण बोलून सांगणारा आवाज बहुतेक ॲपमध्ये गाण्या-व्हिडिओच्या आवाजावर चालतो. घरी नातवाने कार्टून बघताना तो कमी केला, की सकाळी दुकान मुकं.

बॅटरीवर फार वाद झाला नाही. पाच हजार एमएएच अण्णांना सोळा तास पुरते, कारण ते व्हिडिओ बघत नाहीत. खाणार ती रेंज. पत्र्याखाली फाइव्हजी येत-जात असेल तर फोन सारखा शोधत बसतो, म्हणून तिथे फोरजीवरच ठेवायचा. मात्र बॅटरी वाचवायला फोन स्वतःच ॲप झोपवतो, ते थांबवावं लागतं. ॲपच्या माहितीत बॅटरीमध्ये जाऊन `Unrestricted` करायचं, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये `Autostart` वेगळं चालू करायचं. ही दोन कामं न करता घेतलेला महागडा फोनही दुपारच्या निवांत वेळेनंतर पहिलं पेमेंट उशिरा सांगतो.

शनिवारी अण्णांनी साडेदहा हजारांत सहा जीबी रॅमचा, तीन खाच्यांचा फोन आणला. पॅक बदलले, सेटिंग केल्या. मी सांगितलं, दुपारी दोन तास हात लावू नका, चार्जिंगलाही लावू नका. चारला मी माझ्या दुकानातून एक रुपया पाठवला. मास्तर घड्याळ धरून डेअरीत होते. "लगेच बोलला," त्यांनी फोन करून सांगितलं.

खरी परीक्षा रविवारी सकाळी होती. सात वाजता टेंपोवाल्याचा फोन आला. पिंट्या रांगेत उभा, त्याने एक रुपया मारला. फोनचा मोठा स्पीकर गप्प राहिला. पिंट्याने माझ्याकडे बघितलं, माझ्याही पोटात गोळा आला. कॉल चालू असताना काही फोन घोषणा कानाच्या स्पीकरवर वळवतात, हे मला माहीत होतं, पण या फोनचं काय ते आधी तपासायचं राहून गेलं होतं.

अण्णांनी फोन कानापासून जरा दूर धरला, स्क्रीनकडे नजर टाकली आणि हात वर केला.

"आला तुझा रुपया पिंट्या, पुढं हो. हां, बोला टेंपोवाले, सहा क्रेट उतरवा."