अलार्म वाजला की अख्ख्या बिल्डिंगने उतरायचं?

"अलार्म वाजला की कोणाची वाट बघायची नाही, अख्ख्या बिल्डिंगने लगेच जिन्याने खाली यायचं. टप्प्याटप्प्याने वगैरे सगळं कागदावर. रेफ्युज फ्लोअरवर जो थांबला तो अडकला." (बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

आधी जिन्याचं बघू. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये जिन्याची रुंदी एका मजल्यावरच्या माणसांवरून ठरते, सगळ्या मजल्यांची बेरीज करून नाही. समजा, अलकापुरीत ऑफिसांचा 14 मजली टॉवर आहे, मजल्याला 150 माणसं आणि दीड मीटर रुंदीचे दोन जिने. अशा एका जिन्यातून मिनिटाला साधारण 70 माणसं उतरतात. सगळी 2100 एकदम निघाली तर शेवटचा माणूस बाहेर पडायला 15 मिनिटं लागतील, आणि तीही कोणी पडलं-अडखळलं नाही तर.

आता आग 9व्या मजल्यावर लागली असं धरा. तिथली माणसं जिन्याच्या दाराशी येतात, पण वरून आलेल्या गर्दीने जिना आधीच भरलेला. ती दारातच खोळंबतात आणि फायर डोअर उघडं राहतं. जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंखे हवेचा दाब राखत असतात. बरीच दारं एकदम उघडी राहिली की तो दाब पडतो आणि धूर आत येतो. दांडिया बाजारहून आलेले फायरमन तोवर पाइप घेऊन याच गर्दीतून वर चढू बघत असतात. उलट 8, 9 आणि 10 एवढेच मजले आधी निघाले तर 450 माणसं तीन-चार मिनिटांत खाली.

रेफ्युज म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखून ठेवलेला सुरक्षित भाग. ऑफिस बिल्डिंगमध्ये पहिला 24 मीटरच्या आसपास आणि पुढे दर 15 मीटरला असतो. बाहेरच्या हवेला किमान एका बाजूने उघडा, आगीला दोन तास दाद न देणाऱ्या भिंतीआड, जिन्याला लागून. आगीच्या खालचा रेफ्युज गाठायचा, दम घ्यायचा, सांगितल्यावर उतरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचा अर्थ बरोब्बर कळेल.

मेसेजवाल्याची भीती अगदीच पोकळ नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली लोकांना आपापल्या घरातच थांबायला सांगितलं होतं. बाहेरच्या भिंतीचं आवरणच पेटलं आणि 72 माणसं गेली. आपल्याकडे रेफ्युजमध्ये मोडक्या खुर्च्या आणि एसीची आउटडोअर युनिटं रचलेली असतात, फायर डोअरला वीट लावलेली असते. तिथे टप्प्यांचा हिशेब चालत नाही. जुन्या, एकाच उघड्या जिन्याच्या इमारतीतही नाही. आणि तुमच्या मजल्यावर धूर दिसला, तर सूचनेची वाट न बघता निघा.

मजल्यागणिक वेगळी सूचना देणारे स्पीकर तुमच्या टॉवरमध्ये आहेत का, हे मॅनेजरला विचारा. सगळीकडे एकच घंटा वाजत असेल, तर लोक एकदमच धावणार.