दहा कोटींपर्यंत ऑडिट नाही? अर्धाच नियम फिरतोय

«धंद्याची उलाढाल १० कोटींच्या आत असेल तर टॅक्स ऑडिट लागत नाही. रोकड बँकेत भरली की ती डिजिटलच. जीएसटीचं ऑडिट बंद झालंय, ८ टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा. सीए उगाच घाबरवतात.»

हा मेसेज म्हापशात टाइल्स-हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या माझ्या आतेभावाला आला, आणि त्याने सीएला ‘या वर्षी ऑडिट नको’ असं कळवूनही टाकलं. म्हणून लिहावं लागतंय.

१० कोटींचा आकडा खरा आहे, तेवढं मान्य. पण २०२४-२५ला लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ४४एबी पूर्ण वाचा. मूळ मर्यादा १ कोटीच आहे. १० कोटी कुणाला? ज्याची वर्षभरातली रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांत आणि रोख खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांत बसतो, त्याला. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत, एक चुकली की पुन्हा १ कोटी.

सगळ्यात घातक वाक्य रोकड बँकेत भरण्याचं. गिऱ्हाइकाने नोटा दिल्या तिथेच ती रोख जमा झाली. तुम्ही ती संध्याकाळी बँकेत भरली म्हणून तिचं रूप बदलत नाही. यूपीआय रोखीत धरत नाहीत, पण अकाउंट पेयी नसलेला चेक कायदा रोखच मानतो.

भावाचंच घ्या. भागीदारी फर्म, २०२४-२५ची विक्री ३ कोटी ४० लाख. जीएसटी धरून एकूण जमा ३ कोटी ८० लाख, तिचे ५ टक्के १९ लाख. शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारं गिऱ्हाईक नोटाच देतं, त्यामुळे काउंटरवरची रोकड झाली २६ लाख. हमाल-टेंपोचा रोख खर्च ५ टक्क्यांच्या आत होता, पण त्याचा उपयोग नाही, कारण जमेची अट मोडली. मर्यादा १ कोटी, ऑडिट अटळ. अहवाल दिला नाही तर दंड उलाढालीच्या अर्ध्या टक्क्याने १ लाख ७० हजार येतो, कमाल दीड लाखाची असल्याने तो दीड लाखावर थांबतो.

उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून कर भरायची सवलत त्याच कायद्याच्या कलम ४४एडीची. ती २ कोटींपर्यंत, आणि रोख जमा ५ टक्क्यांत असेल तर ३ कोटींपर्यंत. भावाला लागूच नाही. जीएसटीचं ऑडिट हा तर वेगळाच कायदा.

तपासायचं असेल तर बँक स्टेटमेंट बाजूला ठेवा आणि रोखवहीची जमा बाजू काढा. विक्रीची आणि उधारीवसुलीची रोकड तिथे दिसेल. तीच रोकड बँकेत भरल्याची नोंद एकूण जमेत दुसऱ्यांदा मोजू नका, नाहीतर बेरीज फुगून टक्केवारी खोटी कमी दिसते. मार्च संपायच्या आत हे केलंत, तर उरलेल्या वसुलीसाठी यूपीआय किंवा अकाउंट पेयी चेक मागता येतो. वर्ष संपल्यावर आकडा हलत नाही.