सेल संपलाय म्हणे!

सकाळी सकाळी आपल्याच स्वयंपाकघरात आपल्याच लायटरने आपला अपमान करावा, यासारखं दुःख नाही. गॅस सुरू केला, खटका दाबला, खट्. काही नाही. परत खट्. गॅसचा वास आला म्हणून बर्नर बंद, खिडकी उघड, परत तेच. चौथ्या फेरीला माझा संयम सुटला आणि नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावरचे काका शिडी परत द्यायला दारात उभे.

"सेल संपलाय," काका दारातूनच.

"काका, यात सेल नसतो."

"मग वीज येते कुठून?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, आत एक छोटा चिनी मातीसारखा सिरॅमिकचा तुकडा असतो, खटका दाबला की स्प्रिंग दाबली जाते, शेवटी सुटते आणि आतली हातोडी त्या तुकड्यावर आपटते, त्या फटक्याने वीज होते. पिएझो म्हणतात त्याला, १८८० साली क्युरी बंधूंनी शोधून काढलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां, म्हणजे तो तुकडा हाच सेल. तो संपलाय."

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलणार? बरं, जातील म्हणावं तर शिडी भिंतीला टेकवून काका स्टूल ओढून बसले. वर, "उन्हात ठेव दोन तास", "जरा आपटून बघ", "आमच्या वेळी काडेपेटी होती, कधी बिघडली नाही" असं चालूच. (काडेपेटी पावसाळ्यात सादळते हे मी बोललो नाही, मला आधीच उशीर झालेला.)

मी गॅस सिलिंडरपाशी बंद केला, लायटर घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो, काका मागोमाग. आधी आवाज ऐकला. खट् असा खणखणीत येत होता, म्हणजे हातोडी सुटतेय. मऊ, फुसका आवाज आला असता किंवा खटका मध्येच अडकला असता तर स्प्रिंगची बोंब, मग फार काही करता येत नाही, नवा घ्यायचा. पण तुकडाच तडकला असेल तर आवाज चांगला येऊनही ठिणगी मरते, म्हणून नळी पेच सोडून काढली. आतली वायर त्या तुकड्याच्या आणि हातोडीच्या युनिटच्या धातूच्या टोकापासून चारेक मिलिमीटरवर धरून दाबलं. निळी ठिणगी, टच्च!

"बघा, युनिट ठणठणीत आहे."

"कुठंय?" म्हणत काकांनी बोट घातलं आणि त्याच क्षणी माझा अंगठा खटक्यावर पडला. मुद्दाम नाही, शप्पथ. काका स्टूलासकट मागे सरकले. हवेत एक मिलिमीटर उडी मारायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे हे दहा हजारांच्या घरात, पण ऊर्जा अगदी चिमूटभर, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. हे मी समजावत होतो, काका बोट चोखत होते.

आता राहिली नळी. ती परत लावली आणि ठिणगी बघायला अंधार हवा म्हणून आम्ही दोघं बाथरूममध्ये शिरलो, दिवा बंद केला, दार लावलं. बायकोने बाहेरून विचारलं, "आत कोण आहे?" काका म्हणाले, "आम्ही दोघं." यावर तिने जे मौन धरलं ते अजून सुटलेलं नाही.

पण अंधारात उत्तर सापडलं. ठिणगी पडत होती, पण टाचणीच्या डोक्याएवढी आणि ती पण नळीच्या तोंडात एका बाजूला चिकटून. गेल्या आठवड्यात लायटर ओट्यावरून तोंडावर पडला होता, त्यात मधली तार वाकून नळीच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली. ठिणगी आपली जवळची वाट धरणार, मोठी उडी कशाला मारेल? आणि एवढ्याशा फटीत गॅस पेटायला लागला तरी दोन्ही बाजूचा गार धातू त्याची धग खाऊन टाकतो. वर तोंडाशी काजळी आणि तेलाचा थर, तोही ओलसर झाला की वीज त्याच्यावरूनच गुपचूप घसरते. लायटर ओल्या फडक्याने पुसायची मला सवय आहे, हे मी काकांना सांगितलं नाही.

लाकडी टोकदार काडीने तार हळूच मधोमध आणली, सगळीकडून तीनेक मिलिमीटर सुटेल अशी, जास्त नाही, कारण फार लांब केली तर ठिणगी उडी सोडून नळीतच कुठेतरी पडते. कोरड्या फडक्याने तोंड पुसलं. अंधारात दाबलं तर जाड निळी रेघ. ओट्याशी जाऊन दाबलं, पहिल्या खटक्याला गॅस पेटला!

मी विजयाने काकांकडे वळलो. काका शिडी उचलत म्हणाले, "बघ, सेल हलला होता. मी पहिल्यापासून सांगत होतो."

आणि शिडी परत घेऊन गेले.