बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका, वहिनी

"लस घेतल्यावर मुलाला काही झालं तर दवाखान्यात बोलू नका, दाबून टाकतात. रिकामी बाटली मागून घ्या, फ्रीजरमध्ये ठेवा, तोच पुरावा. तीन दिवसांनंतर झालं तर लसीचा संबंध नसतो. तक्रार फक्त डॉक्टरच करू शकतो."

हे माझ्या डिचोलीच्या वहिनीने मला पाठवलं, तेही नातीला तापात झटका येऊन इस्पितळात ठेवलं असताना.

आधी ते तीन दिवस. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलेंट लसीचा ताप एक-दोन दिवसांत येतो, एवढं खरं. पण नातीला नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस दिली होती. तिच्यातला कमजोर केलेला विषाणू जिवंत असतो, अंगात वाढायला त्याला दिवस लागतात. त्यामुळे ताप आणि पुरळ साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतात, आणि त्या तापात क्वचित झटकाही. नातीला तो आठव्या दिवशी आला. वहिनी मात्र डॉक्टरांना लसीचं सांगणारच नव्हती!

बाटलीचा सल्ला तर विचारूच नका. केंद्राच्या शीतपेटीतून ती बाहेर गेली की घरच्या फ्रीजरमधल्या बाटलीवरून प्रयोगशाळा काय सांगणार? बाटली केंद्रातच राहू दे. आपल्याला हवा बॅच नंबर. तो कार्डावर नसेल तर केंद्राच्या नोंदीतून घ्या. लस किती वाजता टोचली तेही लिहा, कारण विरघळवलेली गोवर-रुबेला चार तासांत संपवायची किंवा टाकायची असते. त्या दिवशी दिलेल्या सगळ्या लसी आणि कुठली कुठे टोचली ते लिहा. मग ताप कधी चढला, किती होता, झटका किती मिनिटं चालला, एका बाजूला की दोन्ही, कुठलं औषध किती दिलं. त्याच बाटलीतल्या दुसऱ्या कुणा मुलाला त्रास झाला का, तेही विचारा.

दाबून टाकतात? खाजगी दवाखान्यांतून पुष्कळदा कळवलंच जात नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. पण त्यावर गप्प बसणं हा उपाय नव्हे. आरोग्य केंद्राच्या नर्सला किंवा डॉक्टरांना सांगा. मूल दाखल झालं म्हणजे घटना गंभीर धरतात, आणि ते जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला लगेच कळवतात. दोष लसीचा की नाही हे पुढे समिती ठरवते, आपण आधी सिद्ध करायचं नसतं.

आणि डॉक्टरच कळवू शकतो हे साफ खोटं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी औषध दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. कामाच्या दिवशी घरच्यांनीही फोन करावा.

वहिनीला झटक्याची वेळ विचारली, तर "जेवणं चालली होती." शेवटी तिच्या मोबाईलमध्ये १०८ ला लावलेला फोन सापडला, १ वाजून १२ मिनिटांचा. कार्डामागे तीच वेळ लिहिली.