सोपी माहिती म्हणजे कमी माहिती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “फवारणी पंपाच्या विक्रीची माहिती बाळबोध भाषेत लिहा, हा तुमचा आग्रह मला पटत नाही. शेतकरी अडाणी नाही. तुटक वाक्यांमुळे दुकान हलके वाटते, तांत्रिक माहिती गळते आणि पुढे वाद होतात. शिवाय आजकाल लोक फोटो आणि व्हिडिओ पाहूनच घेतात, मग वाक्यांवर एवढा खल कशाला?”

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पुढे होणाऱ्या वादांचा मुद्दा आपण काढला, हे बरे झाले, कारण माझे मत बदलले ते अशाच एका वादामुळे. शेती अवजारे विकणाऱ्या एका दुकानासाठी मी सुरुवातीला पुढील वाक्य लिहिले होते आणि ते लिहिल्याचे मला समाधानही वाटले होते:

“उच्च क्षमतेच्या १२ व्होल्ट ८ अँपिअर विद्युतघटावर चालणारा, १६ लिटर धारणक्षमतेचा पाठीवरील फवारणी पंप असून, बॅटरी व चार्जर वगळता अन्य भागांवर सहा महिन्यांची हमी उपलब्ध राहील.”

चौथ्या महिन्यात एक गृहस्थ बॅटरी बदलून मागायला आले. मोबाइलवर तेच वाक्य उघडून त्यांनी ‘बॅटरी’, ‘चार्जर’ आणि ‘सहा महिन्यांची हमी’ यांवर ओळीने बोट ठेवले. ते खोटे बोलत नव्हते आणि अडाणीही नव्हते. सावकाश वाचणारा माणूस ओळखीच्या शब्दावरून पुढच्या ओळखीच्या शब्दावर जातो, आणि आपल्या भाषेत ‘वगळता’, ‘व्यतिरिक्त’, ‘खेरीज’ हे शब्द नामाच्या नंतर येतात. वस्तूचे नाव आधी मनात ठसते आणि ती यादीतून काढून टाकणारा शब्द मागाहून, तोही अनोळखी रूपात येतो. तो निसटला की वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. शिवाय एकाच वाक्यात मी त्याच वस्तूला एकदा ‘विद्युतघट’ आणि एकदा ‘बॅटरी’ म्हटले होते. शाळेच्या निबंधात पुनरुक्ती टाळण्याची सवय लागते, ती येथे नडली.

आता त्या पंपाची माहिती अशी आहे:

“पाठीवरचा फवारणी पंप. बॅटरीवर चालतो.
टाकीत १६ लिटर पाणी मावते.
बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअरची आहे. नवी बॅटरी घेताना दुकानात हेच आकडे सांगा.
मोटर आणि बाकीच्या भागांवर ६ महिने हमी आहे. बॅटरीवर हमी नाही. चार्जरवर हमी नाही.
पंप तुटलेला आला तर ७ दिवसांत फोन करा. आम्ही तो बदलून देऊ.
औषध घातलेला पंप परत घेत नाही. नुसते पाणी घालून पाहिले तर चालेल.”

यातून एकही आकडा गळलेला नाही, हे आपण पडताळून पाहावे. ‘व्होल्ट’ आणि ‘अँपिअर’ मी मुद्दाम ठेवले, कारण हे शब्द बॅटरीच्या दुकानात रोज बोलले जातात आणि त्यांच्यावाचून योग्य बॅटरी मिळत नाही. (खरे तर तो आकडा अँपिअर-अवरचा असतो, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही ‘आठ अँपिअर’च म्हणतात.) गेले ते ‘उच्च क्षमता’, ‘धारणक्षमता’ आणि ‘उपलब्ध राहील’. ‘उच्च’ म्हणजे किती, हे त्या वाक्यात मी कुठेच सांगितले नव्हते. हमीची वाक्ये तीन झाली, त्यामुळे मजकूर जरा लांबला. पण ‘बॅटरीवर हमी नाही’ या तीन शब्दांत वस्तू आणि नकार शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे घसरायला मध्ये जागा उरत नाही.

मी आधी वापरलेल्या ‘छोटे शब्द’ या शब्दप्रयोगामुळे गैरसमज झाला असावा. मराठीत अक्षरे मोजून सोपेपणा ठरत नाही. ‘घट’ दोन अक्षरांचा आहे, तरी त्यातून बॅटरीचा बोध होत नाही. ‘फवारणीसाठी’ लांब आहे, तरी तो कोणालाही अडवत नाही, कारण मूळ शब्द तोंडातला आहे आणि प्रत्यय नेहमीचा. अडते ते जोडाक्षरांच्या गर्दीत आणि नामाच्या आधी रचलेल्या विशेषणांच्या ओझ्यात. ‘विद्युतघटावर चालणारा, १६ लिटर धारणक्षमतेचा पाठीवरील’ एवढे सगळे वाचेपर्यंत वस्तू कोणती, हेच कळत नाही. म्हणून वस्तूचे नाव पहिल्याच ओळीत यावे आणि पुढे प्रत्येक गुणाला स्वतंत्र क्रियापद मिळावे, असे मी म्हणतो. ‘असून’, ‘जेणेकरून’, ‘करण्यात येईल’ ही कार्यालयीन वळणे मला दिसली की तेथे वाक्य तोडता येते, असा माझा अनुभव आहे.

शेतकरी अडाणी नाही, हे मलाही मान्य आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. परंतु त्या मोजणीत, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा सात वर्षांवरील प्रत्येक माणूस साक्षर ठरतो. कर्ज फेडल्याची पावती वाचणारा आणि कायद्याचे कलम वाचणारा, दोघेही त्या एकाच आकड्यात येतात.

फोटो व व्हिडिओ असावेतच. पट्टा किती रुंद आहे, नळी कोठे जोडायची, हे वाक्यापेक्षा चित्र चांगले सांगते. पण ‘नाही’ आणि ‘जर’ या दोन गोष्टी चित्रात मावत नाहीत. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी विषारीपणाची खूण रंगाने दिलेली असते, तरीही वापराच्या सूचना शब्दांतच द्याव्या लागतात. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परतावा, बदली आणि हमी यांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, व वस्तू कोणत्या देशात बनली हेही सांगावे लागते. ‘हा पंप भारतात बनला आहे’ असे सोपे लिहिल्यानेही तो नियम पाळला जातो.

दुकान हलके वाटते का, याबद्दल मी वाद घालणार नाही, कारण काही गिऱ्हाइकांना भारदस्त भाषा आवडते, हे खरे आहे. मी फक्त तपासण्याची रीत सांगतो. सावकाश वाचणाऱ्या दोघा-तिघांना मजकूर मोठ्याने वाचायला द्यावा आणि बोट कोठे मागे येते ते पाहावे. नंतर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘पंधरा दिवसांनी चार्जर बिघडला, तर काय मिळेल?’ असे विचारावे. ‘नवा चार्जर’ असे उत्तर आले, तर वाक्य चुकले आहे, वाचणारा नव्हे.

वरच्या मजकुरातली शेवटची ओळ अशाच तपासणीतून आली. आधी मी ‘वापरलेला पंप परत घेत नाही’ असे लिहिले होते. सगळे शब्द सोपे, जोडाक्षर एकही नाही. वाचणाऱ्या बाईंनी ते न अडखळता वाचले आणि विचारले, “पाणी भरून बघितलं, तर तो वापरलेला झाला का?” दुकानदाराकडेही याचे उत्तर तयार नव्हते. ते त्याने ठरवले, मग मी ती ओळ लिहिली.